तृतीयेच्या चौकोनात अंगारकी

गणपतीपुळ्याजवळच्या आमच्या घरात पाहुण्यांना जेवण देतात. संकष्टीला मोदक लागतात आणि अंगारकी असली तर फार लागतात. नारळ किती फोडायचे हे सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून सांगायच्या. माघात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि ते काम माझ्यावर आलं.

मंगळवारच्या चौकोनात मोठ्या आकड्याखाली छापलं होतं, ‘तृतीया १७.४०, हस्त २६.१०’. बुधवारी ‘चतुर्थी १६.२०’. मी म्हटलं, चतुर्थी बुधवारी, म्हणजे अंगारकी हुकली. मंगळवारी कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अंगारक संकष्टी, चंद्रोदय २१.२८’ होतं, पण ते मला छपाईची चूक वाटलं. मोदकांचा बेत बुधवारचा ठरवून मी मोकळी.

रविवारी रात्री सासूबाईंनी सहज विचारलं, आणि माझं उत्तर ऐकून डोळ्यावरचा हिरवा चष्मा सावरत उठून बसल्या. “अगो, चौकोनातली तिथी सूर्याची. संकष्टी चंद्राची.”

मग त्यांनी एकेक आकडा वाचायला लावला. चौकोनात जी तिथी छापतात ती त्या दिवशी सूर्योदयाला चालू असलेली तिथी, आणि पुढचा आकडा ती कधी संपते त्याचा. सुरू कधी होते त्याचा नाही. मी नेमकं उलटं धरत होते. म्हणजे मंगळवारी उजाडताना तृतीया, ती संध्याकाळी पाच चाळीसला संपली आणि तिथून चतुर्थी लागली. ती बुधवारी चार वीसपर्यंत. आता रात्री चंद्र उगवताना कोणती तिथी ते बघायचं. मंगळवारी साडेनऊच्या सुमारास चतुर्थी, बुधवारी त्या वेळेला पंचमी. संकष्टीचा उपास चंद्रोदयाला चतुर्थी असेल त्या दिवशी, म्हणून मंगळवार.

तिथी मध्यरात्रीला किंवा सूर्योदयाला बदलत नाही, कारण ती घड्याळाची नाहीच. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी पुरी. चंद्राचा वेग कमीजास्त होतो, म्हणून तिथी कधी साधारण एकोणीस तासांत उरकते, कधी सव्वीस तासांपर्यंत लांबते. आखूड तिथी एखाद्या सूर्योदयानंतर लागून पुढच्या सूर्योदयाआधीच संपली, तर तिला स्वतःचा दिवस मिळत नाही. तो क्षय. लांबलेली तिथी दोन सूर्योदयांना सापडली, तर दोन दिवस तेच नाव. आधी असं दिसलं की मी कॅलेंडरवाल्यांना नावं ठेवायचे.

राहिलं ‘हस्त २६.१०’. सव्वीस वाजतात कुठे? आमच्या कॅलेंडरात मध्यरात्रीनंतरही तास पुढेच मोजतात, कारण पंचांगाचा दिवस सूर्योदयापर्यंत चालतो. चोवीस वजा केले की पहाटेचे दोन दहा. तिथपर्यंत चंद्र हस्तात, नंतर चित्रेत. दुसऱ्या घरचं कॅलेंडर वेगळ्या पद्धतीने छापलेलं असू शकतं, तेव्हा पहिल्या पानांवरच्या खुणा आधी वाचाव्यात.

सोमवारी पहाटेच नारळ सोलायला बसलो. मंगळवारी एकही मोदक उरला नाही.

जूनमध्ये पुन्हा एकदा गोंधळ झाला. सगळे “मिरग लागला” म्हणत होते आणि माझ्या चौकोनात दररोज निराळंच नक्षत्र. सासरे हसले. पावसाचं मृग म्हणजे सूर्य मृगात आला. तो एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस राहतो, म्हणून त्याची नोंद एकदाच, प्रवेशाच्या दिवशी, आणि बहुधा वाहनासकट. दररोजचं नक्षत्र चंद्राचं, ते जेमतेम दिवसभराचं. पेरणी-लावणीच्या गप्पांत दुसरं बघून उपयोग नाही. वाहन बेडूक असलं की पाऊस चांगला, असं सासरे म्हणतात. मी ऐकून घेते.

लाल आकड्यांचं त्या मानाने सोपं. रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या लाल. पण संकष्टी किंवा एकादशीचं चित्र असलं म्हणून सुट्टी नसते, आणि दुसरा-चौथा शनिवार काळा दिसला तरी बँक बंद असते. हे मी पासबुक घेऊन शटरसमोर उभी राहून शिकले. चंद्रदर्शनावर ठरणाऱ्या ईदची सुट्टी छापल्यानंतरही एक दिवस इकडेतिकडे होते.

तिथीचा खरा रोजचा उपयोग मात्र शेजारच्या काकींनी दाखवला. त्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला खाडीत जातात. पौर्णिमा-अमावास्येनंतर पुन्हा एकपासून मोजायचं आणि तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची ढोबळ वेळ येते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे साधारण नऊला ओहोटी. खाडीत आत गेलं की वेळ थोडी मागेपुढे होते, हे त्याच सांगतात. परवा त्यांनी कुंपणावरून विचारलं, “आज तिथी काय गो?”

मी चौकोन बघितला, मग घड्याळ बघितलं, आणि सांगितलं, “अकरापर्यंत षष्ठी, नंतर सप्तमी.”

“मग अजून वेळ आहे,” म्हणत त्या पुन्हा आत गेल्या.