दोन मैदानांचं वेळापत्रक, एका हॉलमध्ये

शालेय कबड्डी स्पर्धा, १४ वर्षांखालील मुलं, १२ संघ, एक दिवस. आयोजनाची जबाबदारी माझ्याकडे होती. या वयोगटाची स्पर्धा मी शक्यतो थेट बाद पद्धतीने घेत नाही. सकाळी अंधारात उठून, तासभर प्रवास करून आलेला संघ अर्ध्या तासात हरून परत निघतो, हे मला पटत नाही. म्हणून ३-३ संघांचे चार गट, गटात साखळी, मग उपांत्य आणि अंतिम. गटांचे १२ सामने, दोन उपांत्य, एक अंतिम, म्हणजे एकूण १५.

दोन मैदानं शेजारी शेजारी आखली होती, ११ बाय ८ मीटरची, मातीची. सामना १५-५-१५ चा, म्हणजे १५ मिनिटांचे दोन डाव आणि मध्ये ५ मिनिटं. विश्रांतीच्या वेळा आणि संघांची ये-जा धरून एकेका सामन्याला ४५ मिनिटं दिली. पहिल्या मैदानावर अ आणि ब गट आलटून पालटून, दुसऱ्यावर क आणि ड. असं केलं की कुठल्याच संघाला लागोपाठ दोन सामने खेळावे लागत नाहीत. साडेआठला सुरुवात केली तर साखळी एकला संपते, तासाभराची विश्रांती, आणि साडेतीनला अंतिम सामना आटोपतो. कागदावर अगदी देखणं वेळापत्रक.

पावसासाठी शाळेचा हॉल राखून ठेवला होता. तिथे एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी मॅट जोडून एकच मैदान होतं. बरेच आयोजक परिपत्रकात ‘पाऊस आल्यास सामने हॉलमध्ये होतील’ एवढी एक ओळ टाकून मोकळे होतात. ती ओळ गणितातच बसत नाही. १५ सामने, प्रत्येकी ४५ मिनिटं, एका मैदानावर म्हणजे सव्वाअकरा तास. हॉल मला पाचपर्यंतच मिळाला होता. तेव्हा पर्यायी जागा ठरवली म्हणजे पर्यायी आराखडा झाला, असं होत नाही. जागा निम्मी झाली की सामने कमी करावे लागतात, नाहीतर सामन्याची वेळ.

मी दोन्ही तयार ठेवलं होतं. सकाळी साडेसहालाच मैदान गेलेलं असेल तर बाद पद्धत: १२ संघांचे ११ सामने, चार संघांना पहिल्या फेरीत पुढे चाल. आणि स्पर्धा सुरू झाल्यावर पाऊस आला तर साखळी मोडायची नाही, उरलेले सामने १०-३-१० चे करायचे, अर्ध्या तासाला एक. मैदान खेळण्यासारखं आहे की नाही, हे प्रत्येक फेरी संपल्यावर बघायचं आणि निर्णय एकाच माणसाने द्यायचा. तो माणूस मी. प्रशिक्षकांना विचारत बसलं तर जिंकणाऱ्याला मैदान कोरडं दिसतं आणि हरणाऱ्याला चिखल.

पहिल्या दोन फेऱ्या ठरल्याप्रमाणे झाल्या. तिसरी चालू असताना भुरभुर सुरू झाली. पावणेअकराला फेरी संपली तशी मी मध्यरेषेजवळ गेले आणि टाच रोवून गोल फिरवली. वरचा थर टाचेबरोबर सरकून आला, खालची माती कोरडीच होती. हे पूर्ण भिजलेल्या मैदानापेक्षा वाईट. भिजलेल्या मातीत पाय रुततो आणि मूल आपोआप हळू पळतं. वरून निसरडं आणि खालून कडक असलं की चढाईपटू जोरात वळतो, पाय सटकतो आणि घोटा जातो. मी शिट्टी वाजवली आणि हात हॉलकडे केला.

सहा सामने झाले होते, साखळीचे सहा आणि वरचे तीन बाकी. ४५ मिनिटांचा हिशोब तसाच ठेवला असता तर सव्वासहा वाजले असते. अर्ध्या तासाने धरलं तर सहा सामने साडेअकरा ते अडीच, मग अर्धा तास विश्रांती, तीन आणि साडेतीनला उपांत्य, आणि सव्वाचारला अंतिम सामना पूर्ण वेळेचा. पाचला दहा मिनिटं कमी. टाइमआउट मात्र कापावे लागले. दोन्ही संघांनी प्रत्येक डावात ३० सेकंदांचे दोन-दोन घेतले तर सामन्यात चार मिनिटं जातात. २३ मिनिटांच्या सामन्यात मग पुढच्या संघांना आत यायला तीनच मिनिटं उरतात. म्हणून प्रत्येक डावात संघाला एकच टाइमआउट.

पंचांची मात्र चैन झाली. एका सामन्याला एक सरपंच, दोन पंच, एक गुणलेखक आणि दोन सहायक गुणलेखक लागतात. दोन मैदानांसाठी बारा जण सकाळपासून हलले नव्हते. हॉलमध्ये सहा-सहांच्या दोन तुकड्या झाल्या, एक सामना तू, एक मी. आपल्याच शाळेच्या सामन्याला कोणी पंच असू नये म्हणून बाहेर जी अदलाबदल करावी लागत होती, तीही सोपी झाली.

अडचण आली पायांची, आणि ती मला आधी सुचायला हवी होती. मातीवर मुलं अनवाणी खेळतात. मॅटवर अनवाणी घसटलं की घोट्याची, गुडघ्याची कातडी सोलते आणि ओल्या पायाने तर बर्फावर चालल्यासारखं होतं. मॅटचे बूट फक्त चार संघांकडे होते. मग हॉलच्या दारात दोन बादल्या आणि जुन्या चादरींचे तुकडे ठेवले. एका शिपाईदादांनी दारातच बस्तान मांडलं आणि प्रत्येक मुलाचा तळवा उलटा करून पाहिल्याशिवाय आत सोडलं नाही. बूट संघासंघांत फिरवले. एक मुलगा दोन मापं मोठे बूट घालून, पुढे फडकं कोंबून खेळला. ते मी बघायला नको होतं. बघितलं तेव्हा त्याला बदली करायला लावलं.

सव्वाअकराच्या सुमारास, मी नवं वेळापत्रक फळ्यावर लिहीत असताना, गुणलेखनाला बसलेले आमचे गणिताचे सर हळूच म्हणाले, “मॅडम, गटात तिघांचे एकेक विजय झाले तर?”

“मग गुणफरक. नियमपत्रकात आहे की.”

“कशाचा गुणफरक? एक सामना ३० मिनिटांचा, दोन २० मिनिटांचे. ३० मिनिटांतले १२ आणि २० मिनिटांतले १२ सारखे कसे?”

खडू हातातच राहिला. सामने छोटे करायचं मी लिहून ठेवलं होतं, पण छोट्या-मोठ्या सामन्यांची बेरीज कशी करायची हे कुठेच नव्हतं. आणि ब गटात नेमकं हेच होतं. बाहेर निळ्या संघाने पिवळ्याला पूर्ण वेळेच्या सामन्यात १२ गुणांनी हरवलं होतं. लाल संघ अजून खेळलाच नव्हता.

हॉलमधला पहिला सामना सुरू होण्याआधी बाराही प्रशिक्षकांना बोलावलं. सरांचा प्रस्ताव साधा होता: पूर्ण सामन्यातला फरक दोन तृतीयांश धरायचा, म्हणजे १२ चे ८. तरीही बरोबरी राहिली तर चिठ्ठी. निळ्या संघाचे सर उसळले. “आमच्या मुलांनी घाम गाळून मिळवलेले चार गुण तुम्ही कागदावर कापता? नियम स्पर्धेआधी असतो, मध्येच नसतो.” त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. पण जुना नियम तसाच ठेवला तर मातीवर खेळलेल्यांना फुकटचा फायदा होता, हेही बरोबर होतं. माझ्या बाजूने एकच गोष्ट होती. अजून एकाही गटाचा निकाल कोणाला माहीत नव्हता, त्यामुळे मी कोणाला वर काढतेय असं कोणी म्हणू शकत नव्हतं. तासाभराने हाच निर्णय घेतला असता तर तो पक्षपात ठरला असता. अकरा सह्या पटकन झाल्या. बाराव्या सहीला दोन मिनिटं लागली.

साडेअकराला पिवळ्याने लालला ८ गुणांनी हरवलं. दीडला लाल विरुद्ध निळा. आमच्या टेबलावर सरांनी एका चिठोऱ्यावर मांडून ठेवलं होतं: लाल ७ ने जिंकला तर निळा पुढे, ८ ने जिंकला तर तिघांचाही फरक शून्य आणि चिठ्ठी, ९ ने जिंकला तर लाल पुढे. जुन्या नियमाने लालला ११ लागले असते.

शेवटची चढाई लालची आणि लाल ८ ने पुढे. निळ्याचे सहा जण मॅटवर, म्हणजे बोनस मिळू शकत होता. लालच्या प्रशिक्षकांनी ओरडून काहीच सांगितलं नाही, फक्त हाताची दोन बोटं जमिनीकडे करून पुढे सरकवली. पोरगं डावीकडे झुलत गेलं, कोपऱ्यातला भिडू एक पाऊल पुढे आला, आणि त्याने उजवा पाय बोनस रेषेपलीकडे टेकवला. मागचा पाय त्या क्षणी हवेत असावा लागतो. माझ्या जागेवरून तो पाय दिसतच नव्हता. त्या बाजूच्या पंचांना दिसला. त्यांनी हात वर केला, पोरगं मध्यरेषेकडे उलटं पळालं, शिट्टी झाली.

लाल +१, पिवळा ०, निळा −१. जुन्या बेरजेने निळा +३ ने पहिला आला असता.

निळ्या संघाच्या सरांनी आवाज केला नाही. त्यांनी गुणपत्रक मागून घेतलं, स्वतः बेरीज केली, खाली सही केली आणि मुलांना बूट परत करायला पाठवलं. त्यातले दोन जोड लाल संघालाच उपांत्य सामन्यासाठी हवे होते. ते त्यांनी स्वतः नेऊन दिले.

अंतिम सामना चार वाजून ५२ मिनिटांनी संपला. बक्षिसं व्हरांड्यात दिली, कारण आत मॅट उचलायला सुरुवात झाली होती.

पुढच्या वर्षी नियमपत्रकात सातवं कलम घातलं: सामन्याची वेळ कमी केल्यास गुणफरक वेळेच्या प्रमाणात धरला जाईल. आठवं: प्रत्येक संघाने मॅटचे बूट सोबत आणावेत. पत्रक सगळ्या शाळांना पाठवलं आणि पोच म्हणून सही केलेली प्रत मागवली. निळ्या संघाच्या शाळेची प्रत सर्वात आधी आली. सातव्या कलमासमोर पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘एक वर्ष उशीर’. खाली सही होती.