वेग बरोबर, बाटली चुकीची

मी मिरजेत बालरोग विभागात निवासी डॉक्टर होते तेव्हाची गोष्ट. जत तालुक्यातल्या एका वाडीवरून आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. पोरगा पाच वर्षांचा, वजन 14 किलो. न्यूमोनिया, धाप लागलेली आणि खोकून खोकून उलटी, त्यामुळे तोंडाने काही घेत नव्हता. रक्तातलं सोडियम 134 आलं. प्रतिजैविक सुरू केलं आणि सलाइनचा हिशेब मांडला.

हा हिशेब आम्हाला झोपेतही येतो. पहिल्या 10 किलोंना किलोमागे ताशी 4 मिली, पुढच्या 10 किलोंना 2 मिली आणि त्यावर जितके किलो असतील त्यांना 1 मिली. म्हणजे 40 अधिक 8, ताशी 48 मिली. मायक्रो ड्रिप सेटमध्ये एका मिलीचे 60 थेंब पडतात, म्हणून ताशी जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब. सिस्टरना 48 थेंब सांगितले. घड्याळ धरून मी स्वतः मोजलेही.

बाटली मात्र वॉर्डात मुलांसाठी ठेवलेलीच लावली. त्यात डेक्स्ट्रोज होतं, पण सोडियम लिटरला जेमतेम 25. रक्तात ते 135 ते 145 असतं. डेक्स्ट्रोज शरीरात वापरलं जातं आणि मागे उरतं ते जवळजवळ साधं पाणी. वर्षानुवर्षं तीच बाटली लागत आलेली, त्यामुळे मला प्रश्नच पडला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आजी माझ्याजवळ आल्या. म्हणाल्या, "म्याडम, पोरगं मला वळखंना झालंय. रात्रीपास्नं नुस्तं पडून हाय."

श्वास आदल्या दिवसापेक्षा शांत होता, ताप उतरला होता. छाती सुधारत होती आणि मूल मात्र सुस्तावत होतं, हे जुळेना. रात्रभरात लघवी एकदाच, तीही गडद. मग वजन केलं, 14.7 किलो. उपाशी मुलाचं वजन छत्तीस तासांत 700 ग्रॅम वाढलं होतं! रक्त पाठवलं, आणि अहवाल यायच्या आत त्याला झटका आला. सोडियम 121.

झटक्यासाठी 3 टक्के सलाइन दिलं, किलोमागे 3 मिली, म्हणजे 42 मिली, पंधरा मिनिटांत. एवढ्याने सोडियम दोन-तीन अंकांनी वर येतं आणि मेंदूची सूज उतरायला तेवढं बहुधा पुरतं. ते संपता संपता झटका थांबला. सोडियम 124.

त्या दिवशी सरांनी मला एकच विचारलं, "हे सूत्र कुणासाठी बांधलंय?" ते 1957 मध्ये हॉलिडे आणि सेगर यांनी मांडलं. मूल किती ऊर्जा खर्च करतं त्यावरून त्यांनी पाण्याची गरज काढली, आणि सोडियमचा अंदाज आईच्या व गाईच्या दुधावरून बांधला. निरोगी बाळ जादा पाणी लघवीवाटे टाकून देतं. न्यूमोनिया, मेंदूज्वर, शस्त्रक्रिया, वेदना, मळमळ अशा वेळी पाणी धरून ठेवणारं एडीएच संप्रेरक वाढतं आणि मूत्रपिंड पाणी सोडत नाही. मग माझ्या बाटलीतलं पाणी जाणार कुठे? ते रक्त पातळ करतं आणि पेशींत शिरतं, मेंदूच्याही.

म्हणून अशा मुलाला रक्ताइतकंच क्षारयुक्त, म्हणजे आयसोटोनिक द्रव द्यायचं: 5 टक्के डेक्स्ट्रोज घातलेलं नॉर्मल सलाइन, आणि लघवी होतेय याची खात्री झाल्यावर लिटरमागे 20 मिलीइक्विव्हॅलंट पोटॅशियम. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने 2018 मध्ये 28 दिवसांपासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हेच सांगितलं. नवजात बाळ, हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार, मोठं भाजणं, भरपूर पातळ जुलाब, यांचा हिशेब वेगळा असतो. शिवाय आयसोटोनिक द्रवाने सोडियम पडायचा धोका कमी होतो, पण पाणी साठायचं थांबत नाही. त्यामुळे वेगालाही हात घालावा लागतो. आम्ही 48 चे 32 केले, दोन-तृतीयांश. सोडियम दर चार तासांनी पाहिलं, कारण ते चोवीस तासांत आठ-दहापेक्षा जास्त चढवणंही मेंदूला घातक असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी 129. रात्रीत त्याने तीनदा भरपूर लघवी केली होती आणि वजन 14.2 वर आलं होतं. मी तपासत असताना तो आजीच्या पिशवीकडे बघून म्हणाला, "आज्जी, भडंग दे की." आजींनी माझ्याकडे पाहिलं. भडंग अजून नको म्हटलं, आधी दोन घोट पेज पाजायला सांगितली. ती पोटात राहिली, तेव्हा सलाइन 16 थेंबांवर आणलं.