आमची वाटचाल : फोटोतल्या मनगटावर घड्याळ बसवताना

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या स्टुडिओत लग्नाचे अल्बम हेच मुख्य काम होतं. मग सीताबर्डीवरच्या एका घड्याळवाल्यांनी विचारलं, "भाऊ, गिऱ्हाईक मनगटाचा फोटो पाठवते, म्हणते यावर घड्याळ कसं दिसेल ते दाखवा. जमेल का?" आज आमच्याकडे सगळ्यात जास्त काम याचंच येतं.

या कामात पहिलं बघायचं ते माप. गिऱ्हाइकाला आम्ही मनगटावर दहा रुपयांचं नाणं ठेवून फोटो काढायला सांगतो, कारण त्याचा व्यास 27 मिमी असतो. मोबाईल दोन फुटांवर धरायचा आणि झूम करायचं. फार जवळून काढला तर वरचा भाग फुगतो, कडा आत गेल्यासारख्या दिसतात आणि माप बिघडतं.

एका नवरदेवाचं काम सांगतो. बारीक मनगट, पांढरा फुल शर्ट आणि पसंत पडलेलं घड्याळ 42 मिमीचं, काळ्या डायलचं, तपकिरी चामडी पट्ट्याचं. फोटोत नाणं 270 पिक्सेल भरलं, म्हणजे एका मिलिमीटरला दहा पिक्सेल. घड्याळाची केस, म्हणजे डायलभोवतीचं धातूचं घर, 420 पिक्सेलची झाली. मनगटाची रुंदी 58 मिमी आली. केसला पट्टा अडकवायचे जे कान असतात ते लग, आणि एका लगच्या टोकापासून दुसऱ्या लगच्या टोकापर्यंत घड्याळ 50 मिमी. दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार मिलिमीटर उरले.

पट्ट्याची खरी परीक्षा त्या चार मिलिमीटरांत होते. दुकानाच्या फोटोत पट्टा सपाट पसरलेला असतो, मनगटावर तो लगपासून लगेच खाली उतरतो. वरून बघताना त्या एवढ्याशा जागेत पट्ट्याची बरीच लांबी दबलेली असते. म्हणून शिवणीचे टाके केसजवळ मोकळे आणि कडेकडे जाताना एकमेकांच्या जवळ यायला हवेत. अंतर सारखंच राहिलं तर पट्टा कागदाचा वाटतो. आम्ही केस आणि पट्ट्याचे दोन भाग असे तीन वेगळे लेयर ठेवतो. वार्प, म्हणजे चित्र वाकवायचं टूल, फक्त पट्ट्याला लावतो. केस धातूची आहे, ती वाकत नाही. स्टीलच्या चेनला तर वार्प चालतच नाही, कारण कड्या रबरासारख्या वाकलेल्या दिसतात. तिथे एकेक कडी सुटी करून थोडी थोडी दाबत, झुकवत बसवावी लागते आणि त्याला वेळ लागतो.

पट्टा बसला की कडेला रंग गडद करायचा आणि जिथे चामडं कातडीला टेकतं तिथे एक बारीक, काळपट सावली द्यायची. ही सावली नसली की घड्याळ तरंगतं. फोटो खोटा वाटतो म्हणणाऱ्यांचं दहापैकी नऊ वेळा बोट याच जागी असतं.

काचेवरची झाक हा माझ्या आवडीचा भाग. घड्याळाचा मूळ फोटो आम्ही लेन्सपुरतं भोक पाडलेल्या काळ्या पुठ्ठ्यामागून काढतो, म्हणजे काचेत कॅमेरा आणि स्टुडिओचे दिवे येत नाहीत. झाक नंतर गिऱ्हाइकाच्या खोलीतल्या उजेडाप्रमाणे घालायची. नवरदेवाच्या हातावर उजेड डावीकडच्या खिडकीतून येत होता. मनगटाच्या हाडावरची चमक तेच सांगत होती. म्हणून खिडकीसारखा एक तिरपा, फिकट पट्टा, खालचं चित्र उजळवणाऱ्या स्क्रीन मोडमध्ये, डावीकडे ठेवला. तो काट्यांच्या वरून न तुटता जायला हवा, कारण काच काट्यांच्या वर असते, आणि काचेच्या कडेशी थांबायला हवा. काचेभोवतीच्या कड्याची, म्हणजे बेझलची, चमक वेगळी करायची. काळ्या डायलवर हलकी झाकही उठून दिसते, पांढऱ्यावर तीच जवळपास दिसत नाही. दोन्हींना एकच सेटिंग लावून चालत नाही.

शेवटी बाही. डाव्या हातावर नऊचा आकडा कोपराकडे असतो, म्हणून कफ त्या बाजूनं घड्याळावर येतो. कफचा भाग कापून सगळ्यात वरच्या लेयरवर ठेवायचा आणि मास्कची कड एक-दोन पिक्सेल मऊ करायची. त्याची सावली बेझलवर एका जागी आणि डायलवर किंचित सरकून पडते, कारण डायल काचेच्या खाली खोल असतो.

पण नवरदेवाच्या फोटोत कफ कातडीला चिकटून होता. ते घड्याळ 12 मिमी जाड. खऱ्या हातावर कफ वर उचलला गेला असता किंवा मागे सरकला असता, आणि सपाट कफाखाली तेवढं जाड घड्याळ दाखवणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. आम्ही त्यांना घरातलं जुनं घड्याळ बांधून, वर बाही ओढून पुन्हा फोटो काढायला लावला. कफला खरी उंची मिळाली, घड्या नीट पडल्या, पट्ट्याखाली कातडी दबलेलीही दिसली. जुनं घड्याळ झाकून नवं बसवणं मग सोपं गेलं. नवरदेवानं तो फोटो बघून 38 मिमीचं, पातळ घड्याळ घेतलं. आता दुकानदार फुल बाहीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला नाण्याचा एक आणि जुनं घड्याळ बांधलेला एक, असे दोन फोटो मागतात.