उभ्या आज्जींचं तोंड उदास का दिसतं: जुन्या फोटोवरून चित्र, चालू कामाची नोंद

सध्या हातात असलेलं काम निपाणीकडच्या एका घराचं आहे. जोडप्याचा जुना स्टुडिओ फोटो, त्यावरून कोळशात मोठं चित्र. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला आहे, १९३०च्या आसपासचा असावा. आजोबा खुर्चीत बसलेत, फेटा आणि बंद गळ्याचा कोट. आज्जी शेजारी उभ्या, इरकल नेसलेल्या, एक हात खुर्चीच्या पाठीवर. फोटो पाहिला की प्रत्येक जण एकच म्हणतो: बाई दुःखी दिसते. घरच्यांनी तर फोटो देतानाच सांगितलं, "आज्जीचा चेहरा जरा हसरा करा."

हसरा करणं अवघड नाही. ओठांचे कोपरे थोडे उचलायचे, गाल भरायचे, झालं. पण तसं करण्याआधी तो उदासपणा येतो कुठून हे पाहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. तो चेहऱ्याचा असेल तर त्याला हात लावायचा अधिकार आपल्याला नाही. कॅमेऱ्याचा असेल तर गोष्ट वेगळी.

सुरुवात कॅमेऱ्याच्या उंचीपासून केली. खुर्चीमागे एका उंच स्टँडवर फुलदाणी आहे. भिंगाखाली पाहिलं तर तिचं तोंड गोल किंवा लंबगोल दिसत नाही, एक सरळ आडवी रेघ दिसते. त्याच फोटोत खाली ठेवलेल्या छोट्या टेबलाचा वरचा पृष्ठभाग मात्र दिसतो. याचा अर्थ लेन्स बरोबर फुलदाणीच्या तोंडाच्या उंचीला होती. ती उंची बसलेल्या आजोबांच्या छातीजवळ येते, म्हणजे जमिनीपासून सुमारे १ मीटर. पायापर्यंत सगळं मावावं म्हणून फोटोग्राफर कॅमेरा असाच खाली लावायचे. आजोबांच्या चेहऱ्याला त्याचा फारसा फरक पडत नाही. आज्जी मात्र उभ्या आहेत, त्यांचे ओठ लेन्सच्या वर फूटभर तरी असणार. कॅमेरा ३ मीटरवर धरला तर साधारण ६ अंश खालून त्यांचा चेहरा दिसतो. शिवाय हनुवटी वर, मान ताठ. तेव्हा सगळ्यांना तसंच उभं करायचे. दोन्ही मिळून फरक बराच होतो.

चेहरा सपाट नसतो, पुढे गोलसर असतो. गोलावरची आडवी रेघ खालून पाहिली की मधे वर उचलली जाते आणि दोन्ही टोकं खाली येतात. ओठांची फटही अशीच रेघ आहे. म्हणून स्वस्थ मिटलेलं तोंडसुद्धा खालून पाहिलं की कोपरे गळल्यासारखं दिसतं. हेच डोळ्यांनी पाहायचं असेल तर गौरीचा मुखवटा घ्या. आमच्याकडचा शाडूचा मुखवटा स्टँडवर ठेवला, मोबाइल तिपाईला लावला आणि मुखवटा नुसता पुढे-मागे कलवत फोटो घेतले. पुढे झुकवला की गौरी गालात हसते, मागे कलवला की गंभीर होते, थोडी रागावलेलीही वाटते. मुखवट्याचं तोंड हलायचा प्रश्नच नाही! जपानच्या नो नाट्यात लाकडी मुखवट्याचा भाव नट असाच मान कलवून बदलतात.

आता कॅमेऱ्यामुळे वाकलेलं तोंड आणि खरोखर खिन्न झालेलं तोंड यांतला फरक ओळखायचा कसा? ट्रेसिंग पेपर ठेवून मी चार रेघा काढल्या: भुवया, डोळ्यांचे कोपरे, नाकाचा तळ, ओठांची फट. कॅमेरा खाली असेल तर या सगळ्याच रेघा एकाच दिशेने वाकतात, नाकपुड्या जास्त दिसतात, हनुवटीखालचा भाग दिसतो आणि कान डोळ्यांच्या मानाने खाली उतरतात. खरं दुःख असलं तर बहुतेक वेळा भुवयांची आतली टोकं वर ओढलेली असतात, कधी हनुवटीवर बारीक खळगे पडतात. तिथे रेघा एकमेकींशी जुळत नाहीत. आज्जींच्या चेहऱ्यावर चारही रेघा जुळल्या. भुवयांची आतली टोकं उचललेली नाहीत, हनुवटी गुळगुळीत आहे.

दुसरी गोष्ट रंगाची. आज्जींचं कुंकू फोटोत डांबरासारखं काळं आहे आणि ओठही फार गडद आहेत. त्यामुळे तोंड आवळल्यासारखं दिसतं. सुदैवाने ते इरकल घरात अजून ट्रंकेत आहे. पदर लालभडक, मधे पांढरे पट्टे. फोटोत तोच लाल जवळजवळ काळा उतरलाय. म्हणजे निगेटिव्हची काचेची प्लेट ऑर्थोक्रोमॅटिक असावी. अशा प्लेटला निळा आणि हिरवा प्रकाश कळतो, लाल कळतच नाही. ओठ, डोळ्यांच्या कडा, गव्हाळ कातडीतली लाली, हे सगळं प्रत्यक्षापेक्षा काळं येतं आणि चेहरा कठोर होतो. तुमच्याकडच्या फोटोत कुंकू काळं दिसलं तर ओठांच्या छटेवर विश्वास ठेवू नका.

तिसरी गोष्ट मला जास्त लागली. भिंगातून डोळ्यांच्या बाहेरच्या कोपऱ्यांशी आणि गालांवर स्वल्पविरामासारखे बारीक बारीक ठिपके दिसतात. हे निगेटिव्हवरच्या पेन्सिलीचं काम. निगेटिव्हवर शिसं चढवलं की प्रिंटमध्ये तो भाग उजळतो, आणि सुरकुत्या पुसल्या जातात. आज्जींच्या हातांवर शिरा आणि घड्या स्पष्ट आहेत, चेहरा मात्र पोर्सेलीनसारखा. माणूस मनापासून हसतो तेव्हा डोळ्याभोवतीचा स्नायू आवळतो आणि नेमक्या याच कोपऱ्यांत रेघा पडतात. १८६२ साली फ्रान्सच्या द्युशेन नावाच्या डॉक्टरने हे नोंदवलं होतं. तिथे कधी काही होतं का, हे आता या फोटोवरून सांगता येणार नाही. रिटचिंग करणाऱ्याने तेच पुसलंय.

घरच्या थोरल्या काकींना हे सगळं फोटो पुढे ठेवून दाखवलं. त्या म्हणाल्या, "आत्या हसायच्या की! पण पदर तोंडावर धरून. मिश्री लावायच्या ना, दात दाखवायच्या नाहीत कुणाला." तंबाखूच्या मुलखात हे किती घरांत असेल! म्हणजे मिटलेलं तोंड ही त्यांची रोजची सवय, त्या दिवसाची मनःस्थिती नव्हे.

पण म्हणून आज्जी त्या दिवशी आनंदात होत्या असंही मी म्हणणार नाही. कॅमेरा, प्लेट आणि पेन्सिल वजा केल्यावर उरतो तो शांत, मिटलेल्या तोंडाचा चेहरा. त्या मागे काय चाललं होतं ते तो सांगत नाही. जिवंत, समोर बसलेल्या माणसाच्या चेहऱ्यावरूनही भावना खात्रीने ओळखता येत नाही, असा निष्कर्ष मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये आधीचे शेकडो अभ्यास तपासून काढलाय. माणूस रागात असला तरी पुष्कळदा कपाळाला आठी नसते, आणि आठी असते तेव्हा तो नुसता विचारात असू शकतो.

तेव्हा चित्रात काय करतेय ते सांगते. ओठांची रेघ आहे तशीच ठेवलीय, कारण ती सरळ केली तर भुवया, नाक, कान सगळंच हलवावं लागेल आणि आजोबांशेजारी आज्जी वेगळ्या खोलीत उभ्या असल्यासारख्या दिसतील. बदल फक्त छटांचा. ओठ दोन पायऱ्या फिके केले, डोळ्यांच्या कडा एक पायरी. कुंकू मध्यम करड्यावर आणलं, पदराचा लाल ट्रंकेतल्या इरकलावरून जुळवला. डोळ्यांच्या कोपऱ्यांत नव्या सुरकुत्या घातल्या नाहीत, पण तिथली गुळगुळीत पांढरी चकाकी कागदाच्या बोळ्याने दाबून काढली. एवढ्यानेच तोंडाचा आवळलेपणा गेला. घरच्यांना कच्चं चित्र दाखवलं आणि हसू का घालत नाही ते सांगितलं. काकींना पटलं, धाकट्यांना अजून पटलेलं नाही.

आजोबांचा फेटा आणि कोटाची बटणं बाकी आहेत. नंतर याच घरातला दुसरा फोटो घेणार, त्यात आज्जी बसलेल्या आहेत आणि लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला आहे. त्याच चार रेघा तिथे काढून दोन्ही ट्रेसिंग एकमेकांवर ठेवून पाहीन.