धुक्यातला काळा रंग

सोमवार, रात्र. फोटोशॉपमध्ये दोन फोटो जोडून केलेलं चित्र, माळशेज घाटातल्या पावसाळी संध्याकाळचं. मागे निळसर-हिरवं धुकं, पुढे स्टुडिओतल्या फ्लॅशमध्ये टिपलेली छत्रीवाली बाई. कडा स्वच्छ कापलेल्या, सावली योग्य दिशेला, तरी बाई चिकटवल्यासारखी दिसते.

वर ग्रेडियंट मॅप टाकला, म्हणजे गडद ते उजळ छटांना ठरवलेले रंग देणारा लेअर. धुक्यातूनच तीन रंग उचलले: सावलीसाठी #16242B, मधल्या छटेसाठी #5F7476, उजेडासाठी #D9DCD2. ब्लेंड मोड ‘कलर’, ओपॅसिटी २२ टक्के. साडीचा लाल थोडा निवला, त्वचेवरचा पिवळेपणा कमी झाला. पण केस मात्र होते तसेच काळेभोर.

कारण साधं आहे. ‘कलर’ मोड रंग बदलतो, उजळपणाला हात लावत नाही. इन्फो पॅनलमध्ये केसांचा आकडा ३, ३, ३ आणि बाई उभी आहे तेवढ्याच अंतरावरच्या झुडपाचा सर्वांत गडद आकडा २४, ३०, ३३. धुक्यात इतकं काळं काही उरतच नाही. म्हणून बाईच्या लेअरला क्लिप केलेला, म्हणजे फक्त तिच्यावरच चालणारा कर्व्ह्ज लेअर घेतला आणि लाल, हिरव्या, निळ्या चॅनेलचं डावीकडचं खालचं टोक अनुक्रमे २४, ३०, ३३ पर्यंत उचललं. आकडे त्याच अंतरावरचे हवेत. पुढच्या दगडावरून घेतले तर केस पुन्हा जास्त काळे राहतात, दूरच्या डोंगरावरून घेतले तर बाई फिकी पडते.

यानंतरच कलर लुकअप, म्हणजे तयार टेबलनुसार प्रत्येक रंगाच्या जागी दुसरा रंग देणारा लेअर. फोटोशॉपमधली FoggyNight.3DL, ३० टक्क्यांवर. लुकअप टेबलला पिक्सेलची जागा कळत नाही, फक्त त्याचा रंग कळतो. त्यामुळे केस आणि झुडूप आधी जुळलेले नसतील तर ते त्यांना दोन वेगळ्या दिशांना ओढू शकतं आणि फरक उलट वाढतो. शिवाय व्हिडिओच्या लॉग फुटेजसाठी बनवलेलं टेबल साध्या फोटोला लावू नये. ते मुळातच फिक्या चित्राला कॉन्ट्रास्ट देण्यासाठी असतं, इथे त्वचा भाजल्यासारखी होते.

८ बिटमध्ये धुक्याच्या पट्ट्या पडतात, म्हणून फाइल सुरुवातीपासून १६ बिट हवी.

तपासणीसाठी सर्वांत वर ५० टक्के राखाडी भरून मोड ‘ल्युमिनॉसिटी’ केला. उजळपणाचा फरक पुसला जातो, उरतो फक्त रंग. छत्रीची आतली बाजू किरमिजी दिसली. ग्रेडियंट मॅपने ती झाकली नव्हती. तिथे क्लिप केलेला ह्यू-सॅच्युरेशन लावून मॅजेंटा १५ ने उतरवला आणि राखाडी लेअर बंद केला.

शेवटचा ग्रेडिंगचा लेअर एकच, कर्व्ह्ज: उजेडात निळा जरासा खाली, बस. इथे मोठा बदल करावासा वाटला तर चूक खाली कुठेतरी राहिलेली असते. त्याच्यावर ओव्हरले मोडमधला राखाडी लेअर, २ टक्के एकरंगी नॉइज घालून. हा दाणा लुकअपच्या खाली ठेवला तर टेबल त्यालाही रंगवून खरबरीत करू शकतं.