जतचा उलटा दगड: भाषांतराआधीचे तीन आठवडे

फोटो आला तो असा. जत तालुक्यातल्या एका गावची पायऱ्यांची जुनी विहीर, तिच्या भिंतीत बसवलेला हातभर रुंदीचा काळा दगड आणि त्यावर पाच ओळी. खाली गावातल्या एका पोराचा मजकूर: "काका, मोडी आहे. यात्रेच्या आधी भाषांतर करून द्या, बोर्ड लावायचाय."

आपल्या सांगली भागात वाचता येत नाही ते सगळं मोडी. हे मला महिन्यातून दोन-तीनदा ऐकावं लागतं, म्हणून आधी तेवढंच निकालात काढलं. मोडी लिहिताना आधी ओळभर आडवी रेघ ओढतात आणि अक्षरं तिला लटकवत जातात. ती बोरूची, कागदाची लिपी, दगडावर क्वचितच भेटते. ह्या दगडावर अशी अखंड रेघ कुठेच नव्हती. प्रत्येक अक्षर सुटं, गोलाकार. म्हणजे मोडी नाही, नागरीही नाही. गोल वळणाची, सुट्या अक्षरांची लिपी जतच्या मातीत सापडली की पहिला अंदाज कानडीचा.

अंदाज बरोबर होता, तरी पुढचे दोन दिवस काहीच जुळेना. जुन्या कानडी अक्षरांचा तक्ता शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहिलं. एखादं अर्धंमुर्धं जुळायचं, लगेच पुढचं हातातून सुटायचं. तिसऱ्या रात्री अक्षरं बघायचं सोडून नुसता ओळींचा आकार बघितला. सगळ्यात वरची ओळ अर्धीच होती आणि ती उजव्या कडेला टेकलेली होती, डावीकडची जागा कोरी. लेखाची सुरुवात अर्ध्यातून कोण करेल? अर्धी राहते ती शेवटची ओळ, आणि कोरी जागा राहते तिच्या उजवीकडे. दगड उलटा बसवला होता.

जुन्या विहिरी, कट्टे, तटबंद्यांत हे फार होतं. गवंड्याला सपाट दगड हवा असतो, त्यावर काय कोरलंय हे तो बघत नाही. त्यामुळे आता फोटो आला की माझी पहिली पायरी ठरलेली: अक्षर ओळखण्याआधी दगडाची वरची बाजू ठरवायची. कानडी वळणाच्या लिपीत त्यासाठी आणखी एक खूण आहे. अक्षराच्या माथ्यावर एक छोटा फटकारा असतो, त्याला कानडीत तलकट्टु म्हणतात, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या खाली लोंबतं. माझ्या फोटोत फटकारे अक्षरांच्या बुडाशी होते आणि जोडाक्षरं वर चढलेली. खूण पहिल्या दिवसापासून डोळ्यांसमोर होती.

फोटो फिरवला तर नवीन घोळ. अक्षरं एकदम उठावाची दिसायला लागली, जणू बाजूचा दगड खोदून काढलाय. कारण साधं आहे. उजेड वरून येतो हे आपले डोळे धरूनच चालतात. फोटो उलटा केला की सावल्याही उलटतात आणि खोल भाग वर आल्यासारखा वाटतो. मिरज-विजापूरकडचे बरेच फारसी शिलालेख खरंच उठावाचे असतात, त्यामुळे ह्या भासाने माणूस भलतीकडे भरकटू शकतो. उपाय सोपा: फिरवलेल्या फोटोचे रंगही उलटे करायचे, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. सावल्या जागेवर येतात, अक्षरं परत खोल दिसतात.

मग पोराला फोन केला. तो तोवर खडूची पेटी घेऊन विहिरीवर जायच्या बेतात होता. मी म्हटलं, "बाळा, खडू नको, रंग तर अजिबात नको." अक्षरांत खडू भरणारा माणूस स्वतःला दिसतं तेच भरतो. दगडाच्या पोटातला एखादा खड्डा भरला की त्याचा अनुस्वार होतो आणि खरा अनुस्वार कोराच राहतो. त्याऐवजी रात्री जायचं, बॅटरी दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारायची, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून, एकदा वरून, आणि मोबाईल जागचा हलवायचा नाही. शेवाळ असेल तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश.

दुसऱ्या आठवड्यात ते फोटो आले आणि आमचं कानडी वळणाच्या लिपीवर शिक्कामोर्तब झालं. ते कसं झालं हे जरा सविस्तर लिहितो, कारण त्यासाठी लेख वाचता यावा लागत नाही.

दानलेखांच्या शेवटी दान मोडणाऱ्याला शाप असतो आणि तो बहुतेक वेळा ठरलेल्या संस्कृत श्लोकात असतो: "स्वदत्तां परदत्तां वा यो हरेत वसुंधराम्". आपण दिलेली असो की दुसऱ्याने, जमीन जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होऊन जन्मेल. आता ह्या श्लोकाचा पहिला तुकडा अक्षरं मोजून बघा: स्व, द, त्तां, प, र, द, त्तां, वा. आठ अक्षरं. दुसरं आणि सहावं सारखं, तिसरं आणि सातवं सारखं. त्यातही "त्तां" हे ठसठशीत अक्षर आहे: वर त, खाली लोंबणारा दुसरा त, काना, आणि शेजारी अनुस्वाराचं बारीक वर्तुळ. म्हणजे लेखाच्या शेवटाजवळ असं भरगच्च जोडाक्षर शोधायचं जे दोनदा येतं, मधे तीन अक्षरं सोडून, आणि दोन्ही वेळा ज्याच्या आधी तेच ते अक्षर आहे. शेवटून तिसऱ्या ओळीत ते मिळालं. तेवढ्यावर स, व, द, त, प, र ही सहा अक्षरं हाताशी आली. ती जुन्या कानडीच्या तक्त्याशी ताडली, सहाही बसली.

इथे कुणी विचारेल, कानडीच कशावरून, तेलुगू का नाही? अकराव्या-बाराव्या शतकातल्या दगडापुरतं बोलायचं तर नुसत्या अक्षराच्या वळणावरून हा निवाडा होत नाही. तेव्हा दोन्ही भाषांची लिपी जवळजवळ एकच होती, अभ्यासक तिला कानडी-तेलुगू लिपीच म्हणतात. आजचा ठळक फरक नंतर पडत गेला. त्यामुळे माझ्या नोंदीत लिपी "कानडी-तेलुगू" एवढीच लिहिली आणि भाषेची जागा रिकामी ठेवली.

ती रिकामी ठेवली हे फार बरं झालं. श्लोक संस्कृत, म्हणजे लेख संस्कृत, असं म्हणून मी तेव्हाच एखाद्या शास्त्रीबुवांकडे गेलो असतो तर त्यांनी शापाच्या ओळींचा अर्थ चोख सांगितला असता आणि यात्रेतल्या बोर्डावर किड्याचा शाप तेवढा झळकला असता. लिपी आणि भाषा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडची बरीच मंडळी श्रवणबेळगोळला जाऊन येतात. तिथे गोमटेश्वराच्या पायाशी नागरीत "श्रीचावुण्डराजें करवियलें" असं मराठी आहे आणि कानडी लिपीत "श्रीचावुण्डराजं माडिसिदं" असं कानडी. तिथे लिपी आणि भाषा जोडीने चालतात, म्हणून तेच सगळीकडे असेल असं मनात बसतं. दगडावर कानडी लिपीत संस्कृत सर्रास असतं.

तिसऱ्या आठवड्यात विहिरीचं पाणी दोन पायऱ्या उतरलं आणि दगडाचा बुडालेला भाग उघडा पडला. पहिल्याच फोटोत एक गाय दिसली, पाय वर करून, आणि तिच्या पोटाशी तसंच उलटं वासरू. दानलेखाच्या माथ्यावर कोरतात तीच गाय-वासराची जोडी. दगड उलटा आहे हे आता गावातल्या कुणालाही पटवून द्यायची गरज उरली नाही. पोराने लिहिलं, "काका, आम्ही लहानपणापासून ह्याच दगडावर उभं राहून उड्या मारतोय."

गायीलगतच्या ओळीही संस्कृतच निघाल्या. "नमस्तुंगशिरश्चुंबि" हा शंभूला नमस्कार करणारा श्लोक, जो शैव दानलेखांच्या सुरुवातीला हमखास असतो. म्हणजे डोक्याला संस्कृत, पायाला संस्कृत. मधल्या ओळींसाठी जतमधल्या कानडी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका बाईंना फोटो दाखवला. आजची कानडी वाचणाऱ्याला आठ-नऊशे वर्षांपूर्वीची निम्मीही अक्षरं लागत नाहीत, त्यामुळे मी लागलेली अक्षरं खाली नागरीत लिहून दिली होती. बाई बोटाने ओळ धरून पुढे सरकत होत्या. पहिली ओळ झाली आणि म्हणाल्या, "सर, ह्यात आमचं काहीच नाही, हे सगळं देवाधर्माचं." मधे पोचल्या आणि थांबल्या. "नेय. हे बघा, नेय. एरडनेय, मूरनेय. दुसरा, तिसरा म्हणतो ना आम्ही, तेच हे."

इथे भाषा उघडी पडली. महाराजाधिराज, परमेश्वर, परमभट्टारक अशी बिरुदांची लांब माळ संस्कृतच असते, पण ती संपते तिथे राजाच्या नावाला "देवर" लागतं, वर्षाच्या आकड्याला "नेय" आणि संवत्सराला "द": "संवत्सरद", म्हणजे संवत्सराचा. शब्द उसने, शेपट्या कानडी. भाषा ओळखायची ती शेपटीवरून. पुढच्याच ओळीत बाईंना "बिट्ट" सापडलं. "बिट्ट म्हणजे सोडलं," त्या म्हणाल्या, "पण इथे काय सोडलं?" दान सोडलं. आपणही उदक सोडतो, दान सोडतो, तेच क्रियापद. आणि त्याच्या शेजारी "मत्तर्", जमिनीचं जुनं माप, जे आजच्या कानडीत कुणी वापरत नाही. शिवाय एका शब्दात कानडीतला जुना कडक र आहे, त्याला शकटरेफ म्हणतात. हे अक्षर संस्कृतला लागतच नाही. ते दिसलं की तेवढा शब्द तरी संस्कृत नव्हे, हे नक्की.

एक फसवी जागा अजून आहे. वर्षाच्या आधी "विक्रम" स्पष्ट वाचता येतं. पोराने लगेच विक्रम संवत धरून हिशेब करून पाठवला. पण आधीची अक्षरं "चालुक्य" अशी आहेत. हा चालुक्य विक्रम शक, सहाव्या विक्रमादित्याने 1076 मध्ये सुरू केलेला. उत्तरेकडचा विक्रम संवत धरला तर हजारावर वर्षं मागे जाऊन पडतो. मराठी बोर्डावर आकडा लिहिण्याआधी हे त्याला फोनवर दोनदा सांगितलं.

आज फोटोंच्या पाकिटावर अशी नोंद आहे: दगड उलटा, लेख खोदीव. लिपी कानडी-तेलुगू, चालुक्य काळ. भाषा: आरंभ आणि शेवट संस्कृत पद्य, मधला मजकूर जुनं कानडी गद्य. विषय जमिनीचं दान. भाषांतर केलेलं नाही. ह्या नोंदीसह ते पाकीट आता जुनं कानडी शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांकडे गेलं आहे. वर्षाचा आकडा दोन टवक्यांच्या मधे अडकलाय. शनिवारी रात्री मी स्वतः बॅटरी घेऊन विहिरीत उतरणार आहे, ह्या वेळी उजेड खालून वर मारून बघायचा आहे. बाईही येते म्हणाल्यात.