अण्णांचं माप

अण्णा बार्शीत चाळीस वर्षं शिंपीकाम करतात, पण अंगात तयार सूट कधी घातला नव्हता. आमचं लग्न इथे लेस्टरला. ते येऊन पोहोचले तेव्हा हातात फक्त नऊ दिवस होते आणि त्यांचं मशीन सात हजार किलोमीटरवर. मग विकतच घ्यायचा ठरला.

माप घ्यायचं मी. लहानपणी दुकानात अण्णा आकडे सांगायचे आणि मी वहीत लिहायचे. आता टेप माझ्या हातात आणि आकडे मात्र तेच सांगणार. काखेखालून टेप नेला, मागे खवाट्यांवर सरळ आहे ना ते आरशात बघितलं, दोन बोटं आत घातली. छाती चाळीस.

"चार लूज धर. चव्वेचाळीस लिही."

"नाही अण्णा. इथे लेबलवर अंगाचं माप असतं. चाळीसच मागवायचा."

"मग लूज कुणी धरला?"

"कंपनीने."

हे त्यांना अजिबात पटलं नाही. चव्वेचाळीसचा मागवला असता तर खांदे दंडावर उतरले असते. बाही कमी करता येते, पोटाकडे दाबता येतो, पण कोटाचा खांदा उसवायचा म्हणजे अर्धा कोट नव्याने शिवणं, हे त्यांनीच मला शिकवलेलं. उंची पाच फूट सहा, म्हणून नुसता चाळीस नाही तर 40S. यातला S म्हणजे शॉर्ट. त्याने बाही आणि कोटाची लांबी आखूड मिळते, छाती तीच राहते.

जोडीच्या सूटमध्ये पँटची कंबर बहुतेक छातीपेक्षा सहा इंच कमी असते, म्हणजे चौतीस. अण्णांचं पोट बघता ते शक्यच नव्हतं, म्हणून कोट-पँट वेगवेगळे घेतले. कंबर छत्तीस भरली.

पँट आली आणि हूक लागेना. परत मोजलं तर सदतीस!

"श्वास धरला होता ना?"

अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले. जन्मभर गिऱ्हाइकांना "पोट सोडा हो, मला माहितीये" म्हणून दटावणारा हा माणूस.

पँट बदलायला वेळ नव्हता. त्यांनी चष्मा लावला, पँट उलटी केली. कोटाची बाही आधीच उलटून बघून झाली होती, तिथे शिवणीत जेमतेम बोटभर कापड, म्हणून तोंड वाकडं केलेलं. आता मात्र मागच्या मधल्या शिवणीवर अंगठा फिरवत थांबले.

"इथे माया ठेवलीय बघ. दोन्हीकडून पाऊण-पाऊण इंच."

अर्धा-अर्धा इंच सोडला की कंबर इंचभर वाढते. त्यांनी ब्लेडने टीप उसवायला घेतली, जुनी शिवण खडूने आखून ठेवली. मग सुई माझ्याकडे सरकवली.

"दोरा ओवून दे गं. इथल्या उजेडात दिसत नाही."